मायनस की प्लस

—नाही नाही, ट्रंक माझ्या टेबलाखाली नको, तिकडे ढकल, ढापण्याच्या कॉटखाली. आता तुझीच कॉट म्हणा ती. ढापण्या म्हणजे माझा आधीचा रूममेट — हा एवढा जाड काचांचा चष्मा, आणि डोकं त्याहून जाड. कोर्सभर झेललं मी त्याला. आता कुठल्याशा कारखान्यात इंजिनिअर झालाय म्हणे. झालाय तर झालाय, आपल्याला काय! मी अजून इथे का? अरे, एक पेपर राहिला, थर्मोचा, म्हणजे थर्मोडायनॅमिक्सचा, ते उष्णता आणि ऊर्जेचं. उद्या सकाळी पुन्हा आहे. कंपनीवाल्यांनी माझी जागा धरून ठेवलीये, उद्या सुटला की रुजू व्हायचं, नाहीतर दुसऱ्याला देणार — पण सुटणारच, त्यात काय एवढं!

तो राहिला कसा, ते ऐक. शेवटच्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर, आदल्या रात्री दोघांनी मिळून उजळणी करायची ठरली. माझ्या नोट्स बघ — पिवळं ते महत्त्वाचं, गुलाबी ते अतिमहत्त्वाचं, हिरव्या सगळ्या व्याख्या. मी मस्त सरसर वाचत सुटलो, पानामागून पान, सगळं ओळखीचं. आणि हा शहाणा काय करायचा? एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, छताकडे बघत बसायचं आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते खरडायचं. मग पुस्तक उघडून चुकलेल्याला लाल गोल. निम्मा कागद लाल! मी म्हटलं, अरे गाढवा, पुस्तक समोर असताना आठवतोस कशाला? तर म्हणतो, उद्या समोर नसेल ना. घ्या! माझं सगळं वाचून झालं तेव्हा याचा अर्धा भाग बाकी, आणि वर मलाच म्हणतो, तू पण मिटून बघ की. मी काय बालवाडीत आहे?

त्यात मध्यरात्री त्याने तो घोळ काढला. वर्गातल्या वहीत होतं — आतली ऊर्जा किती वाढली, तर उष्णता मायनस काम. गाइडमध्ये होतं उष्णता प्लस काम. झालं! मी म्हटलं, छपाईची चूक असेल, वहीतलं पाठ कर आणि झोप. पण नाही, हा चिकट! बसला सायकलचा पंप घेऊन. दांडा दाबला की काम आपण हवेवर करतो, हवा दांडा ढकलते तेव्हा काम हवा करते, म्हणून वहीत वायूने केलेलं काम धरलंय आणि गाइडमध्ये वायूवर केलेलं, म्हणून दोन्ही बरोबर, फक्त आधी कुठलं काम ते ठरवायचं — हे मला, माझ्या खोलीत, पंप हलवून सांगतोय! मी तोंडावर चादर ओढली. चादरीतून म्हटलं, तुझ्यासारख्यांना मजुरीच करायचीये, चिन्हं कशाला हवीत? बोललो खरा. त्याने पंप हळूच खाली ठेवला.

पेपरात तेच आलं. वायू दाबला, त्यावर तीस एकक काम केलं, आठ एकक उष्णता बाहेर गेली. आता मला सूत्र तोंडपाठ — उष्णता मायनस काम. उणे आठ, मायनस तीस, उणे अडतीस. सोपं. बाहेर आलो तर हा म्हणतो, बावीस! काम वायूवर केलंय, म्हणजे वहीच्या हिशोबात तेच उणे तीस, मायनस मायनस प्लस. आणि माझ्या पुढच्या सगळ्या उत्तरांत तेच अडतीस गेलेलं. तपासणाऱ्यानेही दयामाया दाखवली नाही, सूत्र बरोबर लिहिलं होतं ना मी? नुसतं चिन्ह! काय? ढापण्या? हो, येतो की त्याचा फोन. परवाच विचारत होता, पेपराच्या आदल्या दिवशी येऊ का, दोघं मिळून बसू. मी म्हटलं, तू तुझा कारखाना सांभाळ. त्याच्याकडून शिकायची वेळ आलीये का माझ्यावर?

हे बघ, सगळ्या नोट्स पुन्हा वाचून झाल्यात. आता तर चौथा रंग पण आणलाय, निळा. हसतोस काय? विचार हवं तर, कुठलंही पान उघड, काहीही विचार. मिटून? बरं, मिटली वही, खूश?

पिस्टन, म्हणजे वायूवरचा दट्ट्या, जागेवर घट्ट अडकवलाय, वायूला उष्णता दिली, तर वायूने काम किती केलं, हेच ना? हात्तिच्या, हे तर गुलाबी पानावर आहे, उजव्या कोपऱ्यात, खाली आकृती आहे — उष्णता दिली की वायू फुगणार, फुगला की ढकलणार, म्हणजे काम... अधिक — नाही, वजा... पिस्टन अडकलाय म्हणालास ना? थांब, सांगू नकोस. सांगू नकोस म्हटलं ना! मला येतं हे. आकृती समोर दिसतेय मला, नुसतं त्याच्या खाली काय लिहिलंय ते...

जा, तू जेवून ये आधी. आणि दार ओढून घे.