ता.क. मागच्या पानावर

हॅलो?… हॅलो, कोण?… अवो मनकर्णाकाकू! तुम्ही? किती वर्षांनी आवाज ऐकून राहिली मी तुमचा… हो, हो, मेघाच बोलून राहिली. हुडकेश्वरवरून… बरे आहोत सगळे. तुम्ही कशा?… चिठ्ठी भेटली? चिठ्ठीसारखी लिवलेली माही कविता?… बरं झालं बाई. नरखेडवरून पुढं तुमच्या गावात पोचते का नाही, जीवाले घोर होता.

कोणं वाचून दाखवली?… मिनलनं? चांगली सून आहे… कुठं, ओसरीत? सगळ्यांसमोर?… काका, शेजारच्या यमुताई, मोटर दुरुस्त करणारा… त्यानंही ऐकली? बरं. नाही, लाजायचं काय त्यात.

अवो काकू, उत्तर नव्हतं द्यायचं… नाही, ‘मोसंबीला बहार धरला का’ असं लिवलं आहे खरं, पण ते कवितेत आहे… धरला का? बरं मग, धरला तर धरला… विहिरीले पाणी आहे. हो. ऐकून राहिली ना मी.

काय?… कोरडी?… काहून कोरडी वाटली?… ‘तुम्ही, तुम्ही’ काहून लिवलं म्हणता?… हो, आठवते ना. लहानपणी ‘तू’च म्हणत होती मी तुम्हाले… पण चिठ्ठीत काकूले ‘तू’ कसं लिहणार? चार माणसांत वाचली जाते चिठ्ठी… तसं नाही वो. परकं नाही केलं… ‘तीर्थस्वरूप’ तर लिवलं ना?… ‘तीर्थरूप’ नाही लिहता येत काकू. ते आपल्या आईबापालेच लिहतात. बाकीच्या मोठ्या माणसाले तीर्थस्वरूप. बाबानं तसंच शिकवलं होतं.

हो… हो, माहीत आहे. आई दवाखान्यात होती, ते सारं वरीस तुमच्याच घरी होती मी. बाबाच्या चुलतभावाचं घर, पण तुम्ही कधी तसं… हो. मग बाबा घेऊन आले, अन् आपलं नातं लग्नपत्रिकेवर आलं. तिथंही ‘सौ. व श्री.’

छापू म्हणता?… ‘छाप, त्यात लपवण्यासारखं काहीच नाही’… असं?… नाही, राग नाही आला. तुम्हाले विचारल्याशिवाय पुस्तकात टाकायची नव्हती म्हणून तर पाठवली. पण… काहीच नाही त्यात?

काकू, मिनलनं शेवटी काय वाचलं?… ‘लोभ असावा’… अन् मग?… घडी घातली?… मागचं पान नाही पाहिलं तिनं?

अवो मागं ता.क. आहे… तीच तर खरी कविता आहे… हो, लोभ असावा म्हटलं की चिठ्ठी संपते, तिचं काय चुकलं. मिनल आहे का तिथं?… वावरात गेली. तुमचा चष्मा?… फुटला?

आता?… फोनवर?… नाही काकू, तोंडानं नाही जमत मले. तोंडानं जमत असतं तर चिठ्ठी कशाले लिवली असती?… बरं. बरं, रुसू नका. आधी सांगा, फोन स्पीकरवर आहे का?… बंद करा. अन् काकाले म्हणा चहा घ्या तिकडं.

झाला बंद?… ऐका. ता.क.ले मायना नसते काकू. तू माही कोण, हे ठरवावंच लागत नाही. म्हणून तिथं लिवलं. वाचते…

‘ता. क.
तू वेणी घालायचीस
घट्ट, डोळे ताणेपर्यंत.
आता केस आखूड आहेत.
तरी रोज सकाळी मान मागे जाते,
तुझ्या गुडघ्यापाशी.
मला तिथून आणायला नको होतं.’

…झालं. एवढंच आहे.

काकू?… हॅलो?… आहेस ना वं?… रडू नको. ऐक ना… मले तुह्याजवळच राहायचं होतं. बाबाले वाईट वाटलं असतं, आईले तर त्याहून. कोणाले सांगू मी?… तुलेही नाही सांगता आलं. हो… हो, किती वर्षं.

काय?… परत बोल… समोरचं पान छापू. अन् मागचं?… मागचं तुहं?

पण काकू, त्याच्याशिवाय कविता… अर्धी राहते वं ती. लोकं म्हणतीन, कोरडी… हो, तूही म्हटलं होतं ना आत्ता… म्हणू दे म्हणते?… बरं. नाही छापत. ‘लोभ असावा’वरच थांबते पुस्तकात. खरंच सांगते, नाही छापत.

मिनललेही वाचू नाही द्यायचं? मग तुले वाचून कोण दाखवन?… मी?… दरवेळेस मीच?…

बरं, येते. येत्या रविवारी येते… अवं वेणी नाही होत, केस खांद्याच्याही वर आहेत… तेल?… आखूड केसालेही लागते, माहीत आहे मले… बरं. लाव. बसते तुह्यापुढं. ठेव आता.