पान त्र्याहत्तर आणि काळी अक्षरं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या छापखान्याचे मालक, आदरणीय साहेब. प्रमुख पाहुणे, कागद विक्रेता संघाचे अध्यक्ष महोदय. व्यासपीठावर बसायला शेवटी तयार झालेल्या साहेबांच्या कन्या. ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आपल्या मुद्रितशोधक भिंगताई. आणि कागदाचं कोठार रिकामं करून मांडलेल्या या खुर्च्यांवर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आधी ताजी बातमी. आज चार वाजता आपल्या अमृतमहोत्सवी इतिहासग्रंथाच्या पहिल्या दहा प्रती बांधून झाल्या. बांधणीच्या प्रमुखांनी मला स्वतः सांगितलं. मुखपृष्ठावर काळी अणकुचीदार अक्षरं आहेत, आत साधी गोल अक्षरं आहेत. ते म्हणाले, "अहो, मी चक्क तीन पानं वाचली. बांधणीत बत्तीस वर्षं झाली, पण हे पहिल्यांदाच घडलं."

ही बातमी आनंदाची आहे. मग ज्यांच्यामुळे ती आनंदाची झाली, त्या ताई आज निवृत्त का होताहेत? निमंत्रणपत्रिकेवर 'स्वेच्छानिवृत्ती' असं छापलंय. ताईंचं वय छप्पन्न, आपल्याकडे निवृत्तीचं वय अठ्ठावन्न. स्वेच्छा नेमकी कोणाची, हे बहुधा जागेअभावी राहिलं असावं. पत्रिका मीच जुळवली, तेव्हा तो दोषही माझाच.

खरं तर या प्रकरणातले बरेच दोष माझे आहेत. मी अक्षरजुळणीचा प्रमुख. तीन वर्षांपूर्वी साहेबांच्या कन्या माझ्याकडे आल्या. त्यांचा बँड आहे. त्यांचं संगीत मी एकदा ऐकलं, आणि कान सुट्टीवरून परत आल्यावर मला ते आवडलंही. त्यांना बँडच्या इंग्रजी नावाचा लोगो हवा होता. मी ब्लॅकलेटर, म्हणजे तीच काळी अणकुचीदार अक्षरं, सुचवलं.

आता पाहुण्यांच्या सोयीसाठी थोडं सांगतो. घरची मंडळी हे माझ्याकडून इतक्यांदा ऐकून आहेत की त्यांनी हवं तर चहा घ्यावा. बाराव्या शतकाच्या सुमाराला युरोपात विद्यापीठं वाढली, पुस्तकं जास्त लागू लागली. चर्मपत्र महाग होतं. मग लेखनिकांनी जुनी गोल, ऐसपैस अक्षरं दोन्ही बाजूंनी दाबली. रुंद टोकाच्या लेखणीनं उभ्या जाड रेघा ओढायच्या, वळणं मोडून कोन करायचे, रेघेच्या टोकाला चौकोनी हिरा ठेवायचा. ओळीत जास्त शब्द बसले. पान विणलेल्या कापडासारखं दिसायचं, म्हणून या शैलीला टेक्स्टुरा म्हणतात. युरोपात सुट्या खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, छपाई सुरू झाली तीही हीच अक्षरं घेऊन, कारण लोकांच्या डोळ्यांसमोर पुस्तक म्हणजे हेच होतं. दक्षिणेकडे जरा गोल रोटुंडा आली. जर्मन प्रदेशात आधी मोकळीढाकळी श्वाबाखर, मग सोळाव्या शतकात सोंडेसारख्या वळणांची फ्राक्टुर. इटलीतल्या विद्वानांना मात्र हा काळा प्रकार रानटी वाटला. त्यांनी त्याला 'गॉथिक' म्हणून नाक मुरडलं आणि जुन्या गोल अक्षरांकडे परत गेले. आपण आज वाचतो ती रोमन अक्षरं त्या नाक मुरडण्यातून आली.

फ्राक्टुर जर्मनीत विसाव्या शतकापर्यंत रोजच्या वापरात होती. मग १९४१ साली तिथल्याच हुकूमशाही सरकारनं एका परिपत्रकानं ती बंद केली. त्या परिपत्रकाच्या माथ्यावरचा छापील मजकूर फ्राक्टुरमध्येच होता. सरकारी कागद कुणी नीट बघत नाही, याचा याहून चांगला पुरावा मला अजून सापडलेला नाही.

तर लोगो. मी टेक्स्टुरा घेतली, खालच्या टोकांना काटे जोडले, पहिलं आणि शेवटचं अक्षर एकमेकांच्या आरशासारखं केलं. साहेबांनी बघितलं आणि लेकीला विचारलं, "काय लिहिलंय हे?"

"आमचं नाव, बाबा."

"वाचता येत नाही गं."

"वाचायचं कशाला? ओळखायचं. ज्याला माहीत आहे त्याला कळतं. ज्याला माहीत नाही त्यानं घाबरावं."

ब्लॅकलेटरवरची जाडजूड पुस्तकं मी वाचली आहेत, पण त्यांचं मर्म एवढ्या थोडक्यात सांगितलेलं मला कुठे आढळलं नाही. लोगो हे एक चित्र. काळा भरीव ठोकळा, उभ्या रेघांची लय, जुन्या दगडी वास्तूंची आठवण, थोडा धाक. शर्टावर शंभर फुटांवरून कळतो. त्यातलं एक अक्षर नाही लागलं, तरी कोणाचं काही बिघडत नाही. शर्ट धडाधड खपले. साहेब खूश झाले. आणि साहेब खूश झाले की आमच्या विभागाला धडकी भरते, हे मी सर्वांच्या वतीनं प्रेमानं नोंदवतो.

साहेबांनी हुकूम काढला, अमृतमहोत्सवी इतिहास अख्खा याच अक्षरांत छापायचा. तीनशे बारा पानं. लिहिणारे स्वतः साहेब, तेही इंग्रजीत. मी काय म्हणालो असेन? "उत्तम कल्पना, साहेब." पगारदार माणसाची पहिली प्रतिक्रिया बहुतेक वेळा अशीच असते.

पानं ताईंकडे गेली. ताई दिवसाला चाळीस पानं तपासतात. पहिल्या दिवशी अकरा झाली, तिसऱ्या दिवशी सात. मी विचारायला गेलो तर भिंग खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, हे कुंपण आहे. कुंपणाचे गज मोजायला बसवलंय तुम्ही मला."

आणि ते अगदी खरं होतं. टेक्स्टुरामध्ये m, n, u, i सगळी एकाच मापाच्या उभ्या रेघांनी बनतात. रेघ जेवढी जाड, जवळजवळ तेवढीच मधली पांढरी फट. तीन रेघा म्हणजे m, की n आणि i, की u आणि i? i वर टिंब आलं तेच या रेघांच्या गर्दीत ती उठून दिसावी म्हणून. नेहमीचं वाचन करताना आपण शब्दातल्या अक्षरांचे निरनिराळे आकार झटकन पकडतो. इथे आकार सारखेच, म्हणून डोळा दर शब्दाला थांबतो, मागे जातो, पुन्हा मोजतो. एका शब्दाला हे चालतं. तीनशे पानांना डोकं उठतं. निष्पक्षपणे सांगायचं तर जे लोक लहानपणापासून यावरच शिकले ते सहज वाचायचे. सवयीचा भाग मोठा आहे. पण आमच्या वाचकांना ही सवय लावायला शंभर वर्षं लागली असती, आणि महोत्सव याच वर्षी होता.

दोन महिन्यांनी ताई साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मीही तिथेच होतो. आपल्याकडे प्रत्येक प्रूफखाली 'वाचून तपासले' असा शिक्का असतो आणि त्याखाली आधी जुळणी विभागाच्या सह्या, शेवटी शोधकाची सही. ताई म्हणाल्या, "साहेब, मी तपासलंय. वाचलंय असं म्हणवत नाही. सही करणार नाही."

"सगळ्यांनी सह्या केल्यात ताई. यांनीसुद्धा." यांनी म्हणजे मी.

"त्यांनी वाचलं असेल. विचारा त्यांना."

मी खिडकीबाहेर बघितलं.

साहेब म्हणाले, "मग सही करणारा माणूस बसवू." स्वेच्छानिवृत्तीचं पत्र त्याच दुपारी टाइप झालं. ते मात्र नेहमीच्या सुवाच्य अक्षरांत होतं.

ताईंनी पत्र घेतलं आणि फक्त छापखान्याचा जुना नियम पुढे ठेवला. साहेबांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम: पुस्तक यंत्रावर चढण्याआधी लेखकानं एक पान शोधकासमोर मोठ्यानं वाचायचं, शोधकानं हस्तलिखितात बघायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बसलो. ताईंनी कुठलंही एक पान काढलं. त्र्याहत्तर.

साहेब वाचू लागले. पहिल्या सहा ओळींत चार वेळा अडखळले, घाम पुसला, चष्मा बदलला. मग एकाएकी आवाज सुटला. घडाघड, छान, भावपूर्ण. मी निःश्वास सोडला. ताई हस्तलिखित सोडून साहेबांच्या हाताकडे बघत होत्या.

"साहेब, बोट थांबलंय, आणि तोंड चाललंय."

साहेबांनी बोट पुन्हा ओळीवर टेकवलं.

"तुम्ही वाचत नाही आहात. आठवताय. आत्ता जे म्हणालात ते वाक्य पानावर दाखवा."

साहेबांनी शोधलं. मी शोधलं. ताईंनी भिंग लावून शोधलं. त्या कुंपणात आम्ही तिघं दहा मिनिटं फिरत होतो. वाक्य आहे की नाही हेसुद्धा आम्हाला ठरवता येईना! शेवटी ताईंनी हस्तलिखितातला शब्दन् शब्द पानाशी लावला. वाक्य नव्हतंच. पान दोन ओळींनी जास्त होत होतं, म्हणून मी त्या ओळी कापून पुढच्या पानावर न्यायला निघालो आणि चिकटवायच्याच विसरलो. नंतर मी ते पान चार वेळा नजरेखालून घातलं. इतकी सुंदर, एकसारखी वीण होती की वाचायची गरजच वाटली नाही.

त्या दोन ओळी मराठीत सांगायच्या तर अशा होत्या: 'पहिल्या दोन वर्षांतलं प्रत्येक पुस्तक आईनं हातानं शिवलं. त्यांपैकी एकावरही तिचं नाव नाही.' साहेबांच्या तीनशे बारा पानांत त्यांच्या आईविषयी एवढंच होतं.

साहेबांनी पान उलटं ठेवलं. मग मला म्हणाले, "आतली अक्षरं बदला." आणि उठून गेले.

पुस्तक दुरुस्त झालं. पत्र दुरुस्त झालं नाही. कोणी मागे घ्यायला सांगितलं नाही, म्हणून लेखनिकानं ते पुढे पाठवलं, म्हणून हे कोठार सजलं, म्हणून हार आले, म्हणून मी बोलतोय. साहेबांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. मला वाटतं, ते पत्रही कोणी वाचलं नाही. फक्त त्यावर सह्या झाल्या.

ताई, एकतीस वर्षांत तुम्ही माझ्या किती चुका काढल्या याचा हिशोब मी ठेवला नाही. तुम्ही तो कोणाला दाखवला नाहीत, याबद्दल जाहीर आभार. साहेबांच्या कन्येचेही आभार, लोगोबद्दल आणि त्या एका वाक्याबद्दल. कोठार रिकामं करणाऱ्यांचे, खुर्च्या उसन्या देणाऱ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर समासात खूण करा, मी दुरुस्त करीन.

राहता राहिली एक गोष्ट. आपल्या प्रमुख पाहुण्यांना बँडचा लोगो फार आवडला आहे. त्यांच्या संघाची एकशे साठ पानांची इंग्रजी स्मरणिका त्यांना अख्खी त्याच अक्षरांत हवी आहे. सोमवारी नऊ वाजता पहिल्या सोळा पानांची प्रूफं येतील. आज सकाळी आमच्या विभागातल्या नऊही जणांनी ठरवलं की 'वाचून तपासले' याखाली आमच्यातलं कोणी सही करणार नाही. ताई कामावर असल्या तर किती पानं पास करतील, सांगता येत नाही. पण त्या वाचतील.

यानंतर अध्यक्षीय भाषण आहे. त्यासाठी वीस मिनिटं राखून ठेवली आहेत. पत्र मागे घ्यायला दोन पुरतात.