दोन्ही भाषांतला पेढा

आमच्या निपाणीच्या हॉस्पिटलात मराठी-कानडी माहिती काउंटर सुरू झालं, तेव्हा पहिल्या दिवशी मीच बसलो होतो. समोर बाकावर रक्त तपासायला आलेले पेशंट. आमच्या मॅनेजर साहेबांनी भाषण ठोकलं, प्रत्येक वाक्य आधी कानडीत, मग मराठीत.

"परवा कानडी न येणाऱ्या एका आप्पांना कानडीत सांगितलं, उपाशी या. त्यांनी मान हलवली आणि भाकरी खाऊन आले. मान हलवली म्हणजे समजलं असं न्हवं! म्हणून इथं पेशंटच्या भाषेत सांगायचं, चिठ्ठीवर लिहून द्यायचं, आणि त्यांच्याच तोंडून परत वदवून घ्यायचं."

मग मला म्हणाले, "दाखवा करून."

मी पुढच्या आक्कांना मराठीत सांगितलं, चिठ्ठी दिली आणि विचारलं, "आक्का, काय सांगितलंय तुम्हाला?"

"रक्त देईपत्तोर काय खायचं न्हाय. निस्तं पाणी."

साहेब इतके खूश झाले, की तिथूनच ओरडले, "पेढे वाटा! सगळ्यांनी तोंड गोड करा!" तेही दोन्ही भाषांत.

लॅबवाली धावत आली, तोवर अख्खा बाक बोटं चाटत होता. मी कपाळाला हात लावला. "आक्का, आत्ताच म्हणालात की, काय खायचं न्हाय!"

"व्हय की. पण तू एका भाषेत नको म्हणालास, साहेब दोन भाषांत खा म्हणाले. कुणाचं ऐकायचं रं?"