अकरा पावलं

सात? सात कुठून आली हो? मी अकरा सांगितली होती, अकरा! पोटच्या पोरानं माझी चार पावलं खाल्ली आणि वर म्हणतो, आई, कविता आहे ती! तुम्हाला सांगते, कवीच्या आईचा जन्म वैऱ्याला मिळू नये.

हा सुगत, माझा मुलगा. शाळेत मास्तर आहे, चांगला पगार आहे, पण कविता करतो. जयंतीच्या कार्यक्रमात, वाचनालयाच्या हॉलमध्ये, त्यानं माझ्यावर कविता वाचायची ठरवली, आठ दिवसांनी पुस्तकही छापायला जाणार होतं... तर मी नवं लुगडं नेसले आणि जाऊन बसले पहिल्या रांगेत. एक कार्यकर्ता धावत आला, "आजी, इथं पाहुणे बसणार आहेत." म्हटलं, "बाळा, आज कविता कुणावर आहे? मग पाहुणी कोण?" गेला बिचारा, बिसलेरी घेऊन आला.

मला वाटलं, आईवर कविता म्हणजे चंद्र असेल, मोगरा असेल, निदान दुधावरची साय तरी! छे! काय वाचावं त्यानं?

"आई विहिरीपासून
सात पावलांवर उभी.
वरून ओतलेलं पाणी
निम्मं घागरीत, निम्मं मातीत.
मातीला कुणी
लांब उभी राहा म्हटलं नाही."

संपली! एवढीच! आणि माझ्या... खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. साठ वर्षं मी ते पाणी सांडताना बघितलंय मनात, पण मातीचं हे मला नाही सुचलं कधी. एक शिवी नाही त्यात, एक रडणं नाही, आणि तरी बघा कसं खणखणीत तोंडावर फेकलंय!

पण सात? अहो, माझं नाव भागीरथी आणि पाणी अकरा पावलांवर! काठाला हात लावायचा नाही. कुणा बाईला दया येईल, ती शेंदेल, चार हात लांबून वरून ओतेल, तोवर उभं राहायचं. दोन-दोन तास! तिसरीपर्यंत शिकलेली पोर उन्हात उभी राहून दुसरं काय करणार? मोजायची. अकरा म्हणजे अकरा!

तरी गप्प बसले असते. पण अध्यक्ष उठले, प्राध्यापक बोरगावकर. आवाज असा की माईकलाच घाम फुटावा. "या सातमध्ये सप्तपदी आहे! विवाहाची सात पावलं आणि विटाळाची सात पावलं, काय ही प्रतिमा! मात्र विद्रोह थोडा कमी पडतो. कवीनं आक्रोश करायला हवा होता!"

झालं! उठले मी. म्हटलं, "सर, माझं लग्नच झालं नव्हतं तेव्हा, सप्तपदी कुठली? अकरा होती. आणि आक्रोश कसला? ओरडलं असतं तर घागर रिकामी राहिली असती. आम्ही गप उभं राहून राग भरत होतो, पाण्याआधी. ती पावलं मोजली ना मी, तोच राग. तुम्ही मोजाल का कधी उगाच पावलं?"

सुगत स्टेजवरून डोळे वटारतोय, "आई, बस ना! अकरा म्हटलं की ओळ अडखळते गं."

"अडखळू दे की! घागर घेऊन मी सरळ चालत होते का?"

तुम्हाला सांगते, त्याचे वटारलेले डोळे निवळले. खिशातून पेन काढलं, तिथंच, सगळ्यांसमोर, कागदावर सात खोडलं आणि पुन्हा वाचली कविता. अकरा आलं आणि ओळ खरंच ठेचकाळली... आणि तिथंच लोकांच्या टाळ्या पडल्या! बोरगावकर सरसुद्धा उभे राहिले, म्हणाले, "आजी, चूक झाली." उगाच कशाला नावं ठेवू, माणूस मोठा.

पुस्तक छापून आलं. बघा, हे! पान सतरा. अकरा म्हणजे अकरा. चष्मा न लावता दिसतं मला. शेजारणीला तीनदा दाखवलंय, चौथ्यांदा ती दार उघडत नाही.

आता वाटलं, मिटलं सगळं. तर काल हा पठ्ठ्या म्हणतो, "आई, त्या दिवसावरही कविता झाली." म्हटलं, वाच. सुरुवातच अशी,

"शेवटच्या रांगेतून
आई उठली..."

अरे मेल्या! पहिल्या! पहिल्या रांगेत होते मी, पाहुण्यांच्या खुर्चीत, हातात बिसलेरी! तर म्हणतो, "आई, शेवटच्या म्हटलं की परिणाम होतो."

जन्मभर लांब उभी होते ते कमी पडलं का, म्हटलं? आता तूही मला मागं ढकलतोस? आण इकडं ते पेन... तर हसत बसलाय. काय करता, पोरगं कवी निघालं, आता मरेपर्यंत मला माझी जागा त्याच्याशीही भांडून घ्यावी लागणार!