चारही दिवस हजर

सांगू का, मोबाइलला बटणं होती तेव्हाची गोष्ट. अंबरनाथ पश्चिमेला आम्ही काही म्हातारे पाण्यासाठी चार दिवस चौकात धरणं धरून बसलो होतो. समोरच्या खांबावर पोलिसांनी चेहरे ओळखणारा कॅमेरा चाचणीसाठी लावला होता. माझ्या बहिणीच्या गळ्यातली साखळी ओढणारा चोर त्यामुळेच सापडला, म्हणून मी फौजदारांचे आभार मानायला गेलो.

त्यांनी हौसेने स्क्रीन दाखवली. हिरव्या चौकटींत चेहरे पाण्यात झोपल्यासारखे तरंगत होते.

"डोळ्यांतलं अंतर, नाक, जबडा मोजून हा गुन्हेगारांच्या यादीतल्या फोटोंशी ताडून बघतो. गुण जास्त जुळले की घंटा वाजते. कधी चुकतोही, म्हणून खात्री आम्ही करतो."

"आणि यादीत नसलेले?"

"तेही साठतात, सर. हे बघा, तुमच्या चेहऱ्यावर क्लिक केलं. धरण्याला चारही दिवस हजर! मानलं तुम्हाला!"

ते खरंच कौतुक होतं. तरी संध्याकाळी मी ते सगळ्या मंडळींना सांगून बसलो. सांगायला नको होतं का, अजून कळत नाही.

सकाळी धरण्याला जायला पाय उचलेना. आमचे पुढारी कांबळे, त्यांना फोन केला. "जरा ताप वाटतोय हो."

"आराम करा, सर. मी एकटाच बसलोय इथे. आज सगळ्यांनाच ताप आलाय."