ओल्या चादरी आणि पुढचं चाक

…नाही, तुम्हीच सांगा, चाळीस चादरी ओल्या झाल्या की किती वजनाच्या होतात हे कोणत्या विद्यापीठात शिकवतात? मी पाच वर्षं लांब जाऊन रस्ता-सुरक्षा शिकून आले, माझ्याकडे प्रमाणपत्र आहे, त्यावर सोनेरी शिक्का आहे, आणि त्या पाच वर्षांत ब्रेक, टायर, वळणं, उतार सगळं शिकवलं हो, पण चादर हा शब्द एकदाही आला नाही.

आमच्या आत्याचं धुलाईचं दुकान आहे. दवाखान्याच्या चादरी धुते, सुकवते, इस्त्री करते, सोमवारी सकाळी आठच्या आत पोचवते. आणि शनिवारी तिचं सुकवायचं मशीन बंद पडलं. आत्या म्हणाली, ‘चढावरच्या बाईंकडे मशीन आहे, तेवढ्या चादरी टाकून ये माझ्या स्कूटरवरनं.’ टाकून ये म्हणाली, मी बांधल्या. एक गाठोडं, मागच्या कॅरिअरवर, दोरीचे चार वेढे. आता तुम्हाला सांगते, गाठोडं जितकं मागे, तितकं पुढचं चाक हलकं. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे. आकृती काढून. पूर्ण मार्क मिळवलेले आहेत.

तर चढाच्या मधोमध सिग्नल. लाल. थांबले. हिरवा झाला, मी मूठ पिळली, आणि समोरचा रस्ता दिसेनासा झाला. आभाळ दिसायला लागलं. मला वाटलं, एवढं आभाळ कुठून आलं? मग कळलं की स्कूटरचं तोंड वर गेलंय. आता माणूस घाबरला की काय करतो? मूठ घट्ट धरतो. आणि मागे सरकला की मनगट मागे जातं, मनगटाबरोबर मूठ अजून पिळली जाते, गाडी अजून वर! हेही परीक्षेत होतं. तीन सेकंद मी मागच्या एका चाकावर चढ चढत होते, गाठोड्यातून एक चादर सुटून पाठीमागे फडफडत होती, आणि फुटपाथवरची चार पोरं टाळ्या वाजवत होती.

आणि पुढे कोण उभं? स्टंट पकडणारं पथक.

आता हे पथक तिथे कोणी उभं केलं, विचारा. मी. परत आल्यापासून दर शनिवारी संध्याकाळी त्या चढावर मोटरसायकलींची शर्यत लागायची. पुढची चाकं हवेत, दुकानांची शटरं धडाधड खाली, लहान पोरं घरात. एकाचा पाय गेला त्यात, गुडघ्यापासून. मी सहा महिने अर्ज केले. कॅमेरा लावा, पथक ठेवा, गाडी तिथल्या तिथे जप्त करा. लोक म्हणायचे, मॅडम, पोरं कारणं सांगून सुटतात. चप्पल अडकली, कुत्रं आलं, गाडी नवीन आहे. म्हणून मी अर्जात स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: पुढचं चाक जमिनीवरून सुटलं की वाहन जप्त करावं, कारण विचारू नये.

मंजूर झाली ओळ. जशीच्या तशी. मी त्या दिवशी आत्याला मिठी मारली होती.

हवालदार आला. चांगला माणूस, मिशी जाड, आवाज बारीक. ‘ताई, लायसन्स.’ मी म्हटलं, ‘दादा, ऐका, वजन मागे होतं…’ तो म्हणाला, ‘ताई, मला ऐकायला आवडलं असतं.’ आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला, बोट ठेवून वाचलं, ‘कारण विचारू नये.’ कागद माझा. सही माझी.

मग जप्तीचा पंचनामा. तो लिहितो, मी बघते. ‘स्कूटर एक. डावा आरसा एक, उजवा नाही.’ उजवा आधीपासून नाही, दादा. ‘हेल्मेट एक. गाठोडे एक.’ मग त्याने बोट लावून बघितलं, आणि लिहिलं, ‘ओले.’ लायसन्स त्याच्याकडे, मला पावती, स्कूटर क्रेनवर. पुढचं चाक वर करून नेली हो! मी म्हटलं, ‘दादा, आता तुमचं पण पुढचं चाक जमिनीवरून सुटलंय.’ तो म्हणाला, ‘ताई, कारण विचारू नये.’

जप्तीचं आवार म्हणजे पत्र्याच्या कुंपणात शंभरेक मोटरसायकली, फुटके सायलेन्सर, दुमडलेल्या नंबरपट्ट्या, आणि त्या सगळ्यांत मधोमध आमच्या आत्याची फिकट निळी स्कूटर, पुढे बास्केट असलेली. गाडी आत्याच्या नावावर, म्हणून नोटीस आत्याला. ‘आपले वाहन धोकादायक कसरतीसाठी वापरले गेले आहे.’ आत्या त्रेपन्न वर्षांची आहे. तिने ते दोनदा वाचलं. गाठोडं सोडवायलासुद्धा तिलाच जावं लागलं, ओळखपत्र, गाडीची कागदपत्रं, विमा घेऊन. दोन दिवस बंद गाठोड्यात ओल्या चादरी… वास काय सांगू. आत्या म्हणाली, ‘परत धुवायच्या आता.’ मग म्हणाली, ‘सोमवार गेला. दवाखान्याने अजून एक सोमवार दिलाय. तो गेला तर काम दुसऱ्याला. स्कूटर कधी मिळेल?’

मी सांगायला लागले. रस्त्यावरचा साधा दंड असता तर खिडकीवर भरून सुटली असती, पण ही धोकादायक वाहन चालवण्याची केस, ती कोर्टातच जाते. आधी निरीक्षक गाडी तपासणार, काही फेरफार केलेत का. मग तारीख. मग आवारातून सोडवण्याचा आदेश, आणि मालकाने लिहून द्यायचं की पुन्हा असं होणार नाही. आत्याने सगळं ऐकलं. म्हणाली, ‘अगं बये, एवढं सगळं चांगलं लिहिलंस, ती एकच ओळ गाळली असतीस तर हात दुखला असता का?’

कोर्टात रांग. माझ्या मागे अकरा जण, सगळे चढावरचे. माझ्या मागचा सव्वीसेक वर्षांचा, मनगटावर ग्रीस. काम काय, तर लिफ्ट दुरुस्त करतो. तिथे सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत होते, आणि ते त्याच्या कामामुळे नव्हे. मला वाकून विचारतो, ‘ताई, किती सेकंद उचललं?’ मी म्हटलं, तीन. त्याने इतरांना सांगितलं. सगळे माझ्याकडे आदराने बघायला लागले. ‘स्कूटरवर? गिअर नसलेल्या? ताई, आमच्या मोबाईलवर आहात तुम्ही, चादर मस्त उडते.’ तेव्हापासून माझं नाव चादरताई.

न्यायाधीश बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. निरीक्षकाचा अहवाल वाचला: वाहनात कोणताही फेरफार नाही. मग मान वर केली. ‘मागच्या वजनामुळे चाक उचललं गेलं, असं तुमचं म्हणणं आहे का?’

हो म्हटलं असतं तर सुटले असते. तुम्हाला सांगते, खरं होतं ते! आणि आत्या बाकावर बसून मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण. पण मागे अकरा जण, अकराही कान टवकारून. एकाचं कारण गांधीलमाशी होतं. एकाची चप्पल. लिफ्टवाल्याचं तर म्हणे आजीचं औषध. मी हो म्हटलं की त्या रांगेत अकरा गाठोडी तयार होणार होती. आणि तो पाय गेलेला मुलगा… तो तिथे नव्हता. तो जिने उतरू शकत नाही.

मी म्हटलं, ‘माझं काही म्हणणं नाही. गुन्हा कबूल.’

आत्याने डोळे मिटून घेतले.

दंड. लायसन्स तीन महिने निलंबित. आणि रस्ता-सुरक्षेच्या वर्गाला एक रविवार हजेरी. प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय वाहन सुटणार नाही. मी म्हटलं, चला, रविवारी वर्ग, सोमवारी गाडी, दवाखाना वाचला. खिडकीवर गेले, कारकुनाने रजिस्टर उघडलं. ‘शिक्षकाची सही लागेल.’ मी म्हटलं, ‘शिक्षक मीच आहे.’ तो म्हणाला, ‘आणि विद्यार्थी?’ ‘मीच.’ त्याने पेन खाली ठेवलं. ‘मॅडम, एकतर तुम्ही शिकवायला हजर, नाहीतर शिकायला हजर. दोन्ही खुर्च्यांवर एकाच वेळी बसायला तुम्ही कोण लागून गेलात?’

सगळ्या गावात… म्हणजे सगळ्या शहरात हा वर्ग घेणारं माणूस एकच. मी. मग नियम बघितला, मीच लिहिलेला: ‘शिक्षक अनुपस्थित असल्यास अभ्यासक्रमाची पूर्ण माहिती असलेली व्यक्ती वर्ग घेईल.’ कारकून म्हणाला, ‘पूर्ण माहिती कोणाला आहे?’ आणि मागून आवाज आला, ‘मला. मी दोनदा बसलोय.’

लिफ्टवाला. ही त्याची तिसरी खेप. पहिल्यांदा दंड, दुसऱ्यांदा लायसन्स निलंबित, आता रद्द, गाडी वर्षभर आवारात.

रविवारी मी शेवटच्या बाकावर. त्याने वर्ग घेतला, तुम्हाला सांगते, माझा शब्द न् शब्द. मी खोकते तिथे खोकला. फळा पुसताना मी ओढणी सावरते, त्याने हवेतली ओढणी सावरली. वर्ग हसून लोळायला लागला. मग त्याने खडू ठेवला आणि माझ्या वहीत नसलेलं बोलला. ‘ताई शिकवतात की ब्रेकचं जास्त काम पुढचं चाक करतं. बरोबर आहे. पण चाक वर असताना ना, आपण गाडी चालवत नसतो. आपण फक्त गाडीवर बसलेले असतो. पाय गेला तो माझा दोस्त. त्या दिवशी तो माझ्या पुढे होता. मला हँडल वळवायचं होतं. चाकच खाली नव्हतं.’

पहिल्या बाकावरच्या गांधीलमाशीवाल्याने मान खाली घातली. सहा महिने मी आकृत्या काढत होते हो.

त्याने माझ्या प्रमाणपत्रावर सही केली. शेरा लिहिला: ‘विद्यार्थिनी हुशार. मध्येमध्ये फार बोलते.’ सोमवारी सकाळी पावणेसातला आत्याने आवारात लिहून दिलं, स्कूटर सोडवली, आणि आठला पाच कमी असताना चादरी दवाखान्यात. आता वर्ग तोच घेतो दर रविवारी. मी पुढच्या बाकावर बसून हजेरी घेते. मध्यंतरी लोकांनी विचारलं, ती ओळ काढताय का आता? मी म्हटलं, नाही. शब्दही बदलणार नाही. चढावर आता शनिवारी शटरं उघडी असतात, जाऊन बघा.

काल तीन महिने संपले. लायसन्स परत मिळालं. आज सकाळी आत्याला म्हटलं, चावी दे, मशीन परत बंद पडलंय, चढावर गाठोडं टाकून येते. ती इस्त्री करत होती.

‘नाही.’

‘अगं, पण का…’

तिने मान वर केली नाही. इस्त्री चादरीवरून सावकाश फिरवली. म्हणाली, ‘कारण विचारू नये.’

निघाले मग चालत. चढ तोच, सिग्नल तोच, गाठोडं डोक्यावर. आणि फुटपाथवरची तीच चार पोरं ओरडली, ‘चादरताई, उचला की!’ कशाला उचलते? दोन्ही पाय जमिनीवर ठेवून आले.