पेन्सिल आणि शाई

१९७१ साल. जुन्या पुस्तकांच्या दुकानात गल्ल्यापुढे मी रांगेत होते. माझ्यापुढे दोन नेहमीची गिऱ्हाइकं, एक परिचारिका आणि एक घड्याळजी. तिच्या हातात दुकानातल्याच फळीवरची कागदी बांधणीची कादंबरी होती.

“समासातलं तुमचं सगळं खोडलंत ना?” तिनं घड्याळजींना विचारलं.

“मी? अहो, ‘गुरुवारी चहाला याल?’ असं लिहून तासभर वाट पाहिली मी!”

“कुठे लिहिलंत? इथे नुसती माझी शाई आहे. ‘इश्श’, ‘चावट’, ‘आणि मग?’ कुणाला म्हणतेय मी, भिंतीला?”

“माझी पेन्सिल गेली कुठे?”

“मला वाटलं, पस्तावलात.”

“मला वाटलं, मी नकोसा झालो.”

“पेन्सिल मी खोडली,” गल्ल्यावरून मालक म्हणाले. “दर सोमवारी खोडतो, नाहीतर जुनं पुस्तक खपत नाही. शाई निघत नाही, म्हणून बाईंचं राहिलं.”

“काय लिहिलंय ते तरी बघायचं!”

“मी खोडतो, वाचत नाही.”

“मग आता काय करायचं हो?”

“आता तोंडानं विचारा.”

“येता चहाला?”

“चला.”

पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. घड्याळजी आता नाहीत. बाई लेकीकडे असतात. मालक मात्र त्या दिवसापासून खोडण्याआधी वाचू लागले, आणि त्यांची निम्मी पुस्तकं विकायची राहूनच गेली.